नऊ चौकटी आणि तीन किलो तांदूळ

गेल्या दिवाळीत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक मीम टाकलं. नऊ चौकटी, प्रत्येकीत एक चित्र, आणि वर ठळक अक्षरांत 'हे फक्त नाइन्टीज किड्सनाच कळेल'. शक्तिमान, कमळात बसलेला मोगली, पोकेमॉन, 'शाकालाका बूम बूम'मधली जादूची पेन्सिल, कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं, पार्ले-जीचा पुडा, एक रुपयावाली पेप्सी, फँटम सिगारेट आणि पिवळी कंपासपेटी. मावसबहिणीचे तीन बदाम आले, काकांचा अंगठा आला. मग आमच्या दादाचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, मेसेज आला.

"यातल्या मला तीनच ओळखू येतायत. आणि मी ८८ चा आहे."

मी ९७ चा. म्हणजे नव्वदचं दशक संपलं तेव्हा मी जेमतेम अडीच-तीन वर्षांचा होतो आणि दादा सहावीत होता. कुणी नाइन्टीज किड असेल तर तो दादाच. तरी नऊच्या नऊ चौकटी मला ओळखू आल्या आणि त्याला तीन. हा बग कुठे आहे, हे शोधायला मी त्या रात्री बसलो. प्रोग्रॅमर माणसाला दुसरं काय सुचणार! एक शीट उघडली, नऊ ओळी केल्या आणि प्रत्येक गोष्ट नक्की कधीची आहे ते लिहायला घेतलं.

सोप्यापासून सुरुवात केली. 'शक्तिमान' दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. तो सप्टेंबरमधला दिवस शनिवार होता, हे कॅलेंडर उलटं फिरवून कुणीही तपासू शकेल. सगळी मीम्स 'रविवारी दुपारी बारा' म्हणतात, आणि मलाही तेच आठवतं, कारण रविवार नंतर आला आणि तोच रुजला. मालिका सुरू झाली तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्या आठवणीतला शक्तिमान २००२-०३ चा आहे. तरी ही चौकट खरी धरू, निम्मी का होईना ती नव्वदीत आहेच.

मोगली तर पुरता नव्वदीतला. ती मालिका मुळात जपानी, १९८९ साली तिकडे सुरू झालेली. १९९३ च्या सुमारास ती हिंदीत दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. दादाच्या तीन ओळखीच्या चौकटींत ही होती. मी मात्र मोगली 'पाहिला' तो बऱ्याच नंतर, यूट्यूबवर. मग तो माझ्या लहानपणात कसा घुसला, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा मीममधूनच.

आता गडबड सुरू होते. पोकेमॉन जपानात १ एप्रिल १९९७ ला सुरू झालं, म्हणजे ते आणि मी एकाच वयाचे. पण भारतात कार्टून नेटवर्कवर ते आलं २००३ मध्ये. 'शाकालाका बूम बूम' २००० साली सुरू झाली. याच पठडीतली 'सोनपरी'ही २००० चीच. अशा मीम्समध्ये हमखास दिसणारे शिनचॅन आणि डोरेमॉन तर २००५-०६ मध्ये आपल्याकडे आले. तोवर नव्वदीतल्या मुलांना मिसरूड फुटलं होतं.

ट्रम्प कार्डांच्या चौकटीनं मला सगळ्यात जास्त मजा आणली, कारण तिथं तारीख चित्रातच लपलेली होती. कोपऱ्यात डब्ल्यूडब्ल्यूई असं लिहिलं होतं. ही कंपनी मे २००२ पर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफ होती. ती अद्याक्षरं पांडाचं बोधचिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेचीही होती, त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि कुस्तीवाल्यांना शेवटचं अक्षर बदलावं लागलं. म्हणजे कार्डावर एफ असेल तर ते नव्वदीतलं असू शकतं, ई असेल तर नाही. अंडरटेकर तोच, त्याची उंची तीच, पण कार्ड माझ्या पिढीचं.

एकदा ही युक्ती सापडल्यावर मला चाळाच लागला. कुणी 'नव्वदीतलं वेष्टन' म्हणून चॉकलेटचा फोटो टाकला की मी तो मोठा करून बघतो. वेष्टनावर चौकोनात हिरवा ठिपका दिसला तर ते साधारण २००१ नंतरचं, कारण शाकाहारी-मांसाहारीचं चिन्ह सक्तीचं झालं ते त्या सुमारास. किमतीपुढे ₹ असेल तर २०१० नंतरचं, कारण ते चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. त्याआधी 'रु.' असायचं. एफएसएसएआयचा शिक्का असेल तर २०११ नंतरचं, कारण त्या प्राधिकरणाचे नियम तेव्हा लागू झाले. आमच्या मीममधल्या पार्ले-जीच्या पुड्यावर या तिन्ही गोष्टी होत्या. म्हणजे कुणीतरी परवा दुकानातून आणलेल्या पुड्याचा फोटो काढून त्यावर जुनाट पिवळट फिल्टर मारला होता आणि आम्ही सगळे हळवे झालो होतो.

पार्ले-जीचं तर बोलायलाच नको. विलेपार्ल्याचा कारखाना १९२९ चा, ग्लुकोज बिस्किट त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं, आणि 'पार्ले ग्लुको'चं 'पार्ले-जी' झालं ते ऐंशीच्या दशकात. ते आजोबांचं, बाबांचं, माझं आणि माझ्या पुतणीचंही आहे. ते कुठल्याही एका दशकाचं नाही, म्हणूनच ते प्रत्येक मीममध्ये असतं. ते टाकलं की नेम चुकत नाही.

पेप्सीची चौकट मात्र वेगळी. मुंबई-पुण्याबाहेरच्या वाचकांना सांगायला नको, पण परदेशात वाढलेल्यांसाठी सांगतो: ही बाटलीतली पेप्सी नव्हे. प्लॅस्टिकच्या लांबट नळीत रंगीत साखरपाणी भरून, तोंड गरम पट्टीनं चिकटवून, गोठवलेली ती पेप्सी. दातांनी टोक तोडायचं आणि बोटं बधिर होईपर्यंत चोखायची. ही गावोगावच्या बर्फाच्या कारखान्यात, नाहीतर कुणाच्या घरच्या डीप फ्रीजमध्ये तयार व्हायची. तिचा कुणी एक मालक नाही. पण नावावरून काळ कळतो. खरी पेप्सी भारतात आली १९९० च्या आसपास. म्हणजे त्याआधी हे नाव त्या नळीला चिकटणं शक्य नाही. बड्या कंपनीनं जाहिरातीवर पैसे ओतले आणि आमच्या गल्लीतल्या बर्फवाल्यानं नाव फुकटात उचललं. उदारीकरणाचा यापेक्षा चांगला फायदा कुणी घेतल्याचं मला माहीत नाही.

फँटम सिगारेट आणि कंपासपेटी यांच्या तारखा मी सोडून दिल्या. त्या दोन्ही माझ्याही आधीपासून होत्या आणि माझ्यानंतरही राहिल्या.

शीट भरली तेव्हा चित्र असं होतं: नऊपैकी दोन गोष्टी ठामपणे नव्वदीतल्या (त्यांतली एक अर्धीच), तीन सरळ २००० नंतरच्या, पेप्सी नव्वदीत जन्मून पुढे चालत राहिलेली आणि बाकीच्या तीन कधीच्याही. म्हणजे 'नाइन्टीज किड' म्हणून मी जे मिरवत होतो ते माझं २००१ ते २००७ चं लहानपण होतं. त्यावर दशकाचं लेबल फक्त चुकीचं होतं.

हे लेबल आलं कुठून, याचा अंदाज करणं अवघड नाही. 'फक्त नाइन्टीज किड्सना कळेल' ही मूळ अमेरिकी इंटरनेटवरची ओळ. तिथल्या मुलांनी ती २०१० च्या आगेमागे त्यांच्या कार्टून्सबद्दल वापरली. आपल्याकडे ती उचलली कुणी? तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा पहिल्या नोकरीत फेसबुक उघडून बसलेल्या मुलांनी. ती शहरातली होती, घरी केबल होती, इंग्रजीत टाइप करत होती. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला सुरू झालं तेव्हा ते ज्यांच्या घरात दिसलं, ती ही मुलं. त्यांच्यापुरतं लेबल बरोबर होतं. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत पोचला आणि मराठीतली मीम पेजेस धडाधड निघाली. आम्ही लेबल तसंच ठेवलं आणि खाली आमचा माल भरला. रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात आई मोहरी ठेवते, तसं.

आणि माल भरताना आम्ही फार चुकलो असंही नाही, हे मला नंतर लक्षात आलं. नव्वदीत जे दादरला किंवा डेक्कनला आलं ते आमच्या गावात पोचायला पाच-सहा वर्षं लागली. आमच्या आळीत केबलची पहिली वायर आली २००१ मध्ये, तीही महिना भाडं तीन घरांनी वाटून घ्यायच्या बोलीवर. म्हणजे मुंबईतल्या १९९५ मधलं घर आणि आमचं २००१ मधलं घर यांच्यात फरक फारसा नव्हता. दशक ही तारीख नव्हतीच, ती हळूहळू सरकणारी लाट होती आणि ती आमच्या उंबऱ्याला उशिरा लागली. या हिशेबानं मी नाइन्टीज किड असू शकतो.

मग प्रश्न उरला दादाचा. त्याच्या गावात ती लाट कधी पोचली?

मी त्याला फोन केला. दादाचं गाव आमच्यापासून चाळीस किलोमीटर आत, ज्वारी-बाजरीचा पट्टा, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. पाचवीपासून तो शेजारच्या मोठ्या गावात जायचा. म्हटलं, "दादा, तुझ्या नऊ चौकटी सांग. मी नवीन मीम करतो."

तो हसला. "मोगली ठेव. दुकानदाराच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, रविवारी अंगण भरून पोरं बसायची. लाईट गेली की दुकानदार ट्रॅक्टरची बॅटरी लावायचा, पण फक्त रामायण-महाभारताला. मोगलीला नाही."

मग खाऊ. बॉबी, म्हणजे त्या पिवळ्या पोकळ नळ्या, दहाही बोटांत घालून एकेक खायच्या. बोरकूट कागदाच्या पुडीत. चिंचेचा मिठात घोळलेला गोळा काडीला लावलेला. लिमलेटच्या गोळ्या बरणीतून मोजून, चार आण्याला चार. (चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून कायमचं गेलं, पण तोवर त्यात काही येणंच बंद झालं होतं.)

मी म्हणालो, थांब, एकेकाचे फोटो शोधतो. इथं मला दुसरा बग सापडला. फोटोच नव्हते. बॉबी सापडली, पण एका ऑनलाइन दुकानाची, पॅकबंद. बोरकूट सापडलं ते 'हेल्दी स्नॅक' म्हणून काचेच्या बरणीत. चिंचेची काडी थायलंडची. मीम बनवणारा बिचारा करतो काय, तर चित्र शोधतो, उचलतो, चौकटीत बसवतो. ज्याला लोगो आहे, जाहिरात आहे, वेष्टन आहे, त्याचं चित्र जगात कुठेतरी साठवलेलं असतं. बरणीतून मोजून दिलेल्या गोळीचं नसतं. कुणी ती कधी शूट केलेली नाही. म्हणून ज्याच्या लहानपणी गोष्टी पाकिटातून आल्या, त्याच्या लहानपणाचं मीम होतं. दादाच्या लहानपणी त्या बरणीतून, पाटीतून आणि पोत्यातून आल्या.

पोत्याचं निघालं ते असं. मी विचारलं, शाळेचं काय ठेवू? कंपासपेटी चालेल? तो म्हणाला, "कंपास पाचवीत मिळाली. एबीसीडीपण पाचवीतच." हे मी कधी नीट जोडलं नव्हतं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं जून २००० मध्ये. त्याआधी ते पाचवीला यायचं. मी २००३ ला पहिलीत गेलो आणि बाराखडीच्या जोडीनंच अ‍ॅपल-बॉल शिकलो. दादा ९८ मध्ये दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा ए गिरवत होता. आम्हा भावंडांत खरी फाळणी कुठे आहे, तर ती शक्तिमानमध्ये नाही, त्या एका शासन निर्णयात आहे.

"आणि शाळेत तांदूळ मिळायचे, ते ठेव," तो म्हणाला.

मी म्हटलं, खिचडी ना? आम्हालाही होती. पिवळी, पातळ, वाटाणा शोधावा लागणारी.

"खिचडी तुमची. आम्हाला तांदूळ. कच्चे."

हे मला खरंच माहीत नव्हतं. शालेय पोषण आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण शिजवून द्यायची सोय जवळपास कुठेच नव्हती. म्हणून पहिली ते पाचवीच्या मुलांना घरी न्यायला धान्य देत. महिन्याला तीन किलो, वर्षातले दहा महिने. अट एकच: त्या महिन्यात हजेरी ८० टक्के हवी. सुप्रीम कोर्टानं २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शिजवलेलंच अन्न द्या असं सांगितलं, तेव्हा पुढच्या एक-दोन वर्षांत शाळाशाळांत चुली पेटल्या. मी पहिलीत गेलो तेव्हा खिचडी ही जगाच्या सुरुवातीपासून चालत आलेली गोष्ट आहे असंच मला वाटलं होतं. ती एक वर्षापूर्वी आली होती.

दादाच्या घरी रोजची भाकरी. भात म्हणजे सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. आणि आता महिन्याला तीन किलो, पोरानं कमावलेला. वाटप असेल त्या दिवशी पोरं दप्तरात वह्यांऐवजी कापडी पिशवी आणायची. गुरुजी हजेरीपट उघडून एकेक नाव घ्यायचे, नाव आलं की पुढे जायचं, वजन करून घ्यायचं. लहान पोरांना तीन किलो जड व्हायचं, म्हणून थोरला भाऊ किंवा आई शाळेच्या कुंपणाशी थांबलेली असायची. तांदूळ जाडा, खडे भरपूर. आत्या परातीत घेऊन निवडत बसायची आणि दादा शेजारी बसून खडे मोजायचा.

"ताप असला तरी शाळेत जायचो," तो म्हणाला. "हजेरी झाली की गुरुजी म्हणायचे, जा आता घरी."

मी तांदळाच्या पिशवीचा फोटो शोधला. मिळाला नाही, अर्थातच. दादाला म्हटलं, तुझ्याकडे त्या काळातलं काहीतरी असेलच, बघ ना. दोन दिवसांनी रात्री अकराला त्याचा फोटो आला. तिसरीचं प्रगतिपुस्तक, १९९६-९७. कडा वाळवीनं खाल्लेल्या. मार्कांचा भाग त्यानं बोटानं झाकला होता, छत्तिसाव्या वर्षानंतरही लाज असतेच. खाली हजेरीचा तक्ता होता, महिन्यानुसार दोन ओळी: कामाचे दिवस, हजर दिवस. जुलै २६ पैकी २५. ऑगस्ट २३ पैकी २२. त्यानं एका रकान्याभोवती लाल गोल काढून पाठवलं होतं. सप्टेंबर, २४ पैकी १९.

मला आधी कळेना. मग हिशेब केला. चोविसाचे ८० टक्के म्हणजे एकोणीस पूर्णांक दोन. एकोणीस दिवस म्हणजे ७९ टक्क्यांच्या थोडं वर. एका दिवसानं हुकलं होतं.

"गोवर आला होता," त्यानं लिहिलं. "गुरुजी एरवी सांभाळून घ्यायचे. त्या महिन्यात तपासणीला साहेब आले होते."

"मग?"

"मग काय. पिशवी रिकामी घेऊन आलो. आईनं ती धुऊन दोरीवर वाळत घातली, म्हणाली पुढच्या महिन्याला स्वच्छ राहील."

मीममध्ये मी मोगली ठेवला, बॉबी ठेवली (पॅकबंदवाली, इलाज नव्हता), आणि बाकीच्या सहा चौकटी रिकाम्या सोडून मधल्या चौकटीत तो तक्ता लावला. ग्रुपवर टाकलं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग आत्यानं, जी कधी ग्रुपवर बोलत नाही, व्हॉइस मेसेज पाठवला. चौदा सेकंदांचा. त्यात ती विचारत होती की हे पुस्तक माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होतं ना, मग पेटी उघडली तर माझं जरीचं लुगडं वर काढून ठेवलं की तसंच कोंबलं.